प्रगती अहवालातील ‘हॅज कम्प्लीटेड’ अरबीत कसे लिहावे : वारंवार येणारी अडचण आणि तिचे निवारण

आखाती देशांतील बांधकाम प्रकल्पांवर नियोजन अभियंता, दस्तऐवज नियंत्रक किंवा अनुवादक म्हणून काम करणाऱ्या मराठी माणसांना एक अनुभव पुन्हा पुन्हा येतो. मासिक प्रगती अहवालाची इंग्रजी प्रत बिनतक्रार स्वीकारली जाते आणि तीच मजकुराने तंतोतंत असलेली अरबी प्रत मात्र सल्लागाराच्या शेऱ्यांसह परत येते. शेरे साधारण एकाच जातीचे असतात. ‘हे काम पूर्ण झाले आहे की पूर्ण होण्याची शक्यता आहे?’, ‘रस्ता अजून बंद आहे का?’, ‘पंप तीन आठवड्यांपूर्वी आले की तीन आठवडे येत आहेत?’ अशा प्रश्नांचा रोख शब्दसंग्रहावर नसतो, क्रियापदाच्या काळावर असतो. अशा वेळी शब्दकोश उघडून उपयोग होत नाही, कारण प्रत्येक शब्द बरोबरच असतो. चुकलेला असतो तो इंग्रजीतील ‘हॅज’ आणि ‘हॅव’ यांचा हिशेब.

पुढील विवेचनातील अरबी वाक्ये देवनागरीत, आपल्याकडे अरबी शब्द लिहिण्याच्या उर्दू वळणाच्या रीतीने दिली आहेत आणि शब्दांच्या अंती येणारे विभक्तीचे ऱ्हस्व स्वर बहुतेक ठिकाणी गाळले आहेत, कारण कार्यालयात वाचताना ते कोणी उच्चारत नाही.

अडचण कुठून येते

लिखित प्रमाण अरबीत क्रियापदाची मुख्य रूपे दोनच. एक माज़ी, म्हणजे झालेली क्रिया सांगणारे, आणि दुसरे मुज़ारिअ, म्हणजे चालू, नित्याची किंवा पुढे होणारी क्रिया सांगणारे. ‘अन्जज़’ म्हणजे ‘पूर्ण केले’ आणि ‘युन्जिज़’ म्हणजे ‘पूर्ण करतो’ किंवा ‘पूर्ण करत आहे’. मराठीत ‘पूर्ण केले’, ‘पूर्ण केले आहे’ आणि ‘पूर्ण केले होते’ अशी तीन वेगळी रूपे आहेत. अरबीत पहिल्या दोहोंसाठी क्रियापद एकच राहते आणि फरक दाखवायचा असेल तर तो क्रियापदाच्या बाहेरून, एखाद्या निपाताने, कालवाचक शब्दाने किंवा वाक्याची घडणच बदलून दाखवावा लागतो.

प्रगती अहवालात इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ दोन गोष्टी एका दमात सांगतो. क्रिया घडली हे तो सांगतो आणि अहवालाच्या तारखेला तिचा परिणाम लागू आहे हेही सांगतो. ‘द कॉन्ट्रॅक्टर कम्प्लीटेड’ आणि ‘द कॉन्ट्रॅक्टर हॅज कम्प्लीटेड’ यांतला फरक एवढाच आहे, पण अहवालात तोच मोलाचा असतो, कारण वाचणाऱ्याला घटनेपेक्षा आजची स्थिती हवी असते. अरबी अनुवादात पहिली गोष्ट आपोआप उतरते आणि दुसरी हातून निसटते. ती कुठे आणि कशी निसटते हे वाक्यागणिक वेगळे असल्यामुळे ‘हॅज’साठी एकच अरबी शब्द ठरवून टाकण्याचा उपाय लागू पडत नाही. बहुतेक बिघाड मात्र नेमके याच उपायातून सुरू होतात.

पहिला बिघाड : प्रत्येक ‘हॅज’च्या जागी ‘क़द’

शिकवणीत आणि अनेक पाठ्यपुस्तकांत असे सांगितले जाते की माज़ीच्या आधी ‘क़द’ लावला की इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ तयार होतो. हे अर्धे खरे आहे. अरबी वैयाकरण माज़ीच्या आधी येणाऱ्या ‘क़द’ची दोन कार्ये सांगतात. एक म्हणजे क्रिया खरोखर घडली असे ठासून सांगणे आणि दुसरे म्हणजे घडलेली क्रिया बोलण्याच्या क्षणाच्या जवळ आणणे. दुसऱ्या कार्याचे नेहमीचे उदाहरण आखातात राहणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर दिवसातून पाच वेळा पडते. नमाज सुरू होण्याच्या लगेच आधी मशिदीत ‘क़द क़ामत अस्-सलाह’ असे पुकारले जाते. नमाजासाठी उभे राहण्याची वेळ येऊन ठेपली आहे, हा भाव त्यातील ‘क़द’मुळे येतो.

म्हणजे ‘क़द’ वापरणे चूक नाही. चूक आहे ती यांत्रिकपणे वापरण्यात, आणि तिचे तीन प्रकार दिसतात.

सर्वांत महाग पडणारा प्रकार असा की ‘क़द’ मुज़ारिअच्या आधी आला की त्याचा अर्थ पालटतो आणि तो शक्यता दाखवू लागतो. ‘क़द तम्म तौरीद अल्-मिज़ख़्ख़ात’ म्हणजे पंपांचा पुरवठा झाला आहे. ‘क़द यतिम्म तौरीद अल्-मिज़ख़्ख़ात’ म्हणजे पंपांचा पुरवठा कदाचित होईल. अरबी लिपीत या दोन वाक्यांमध्ये फक्त एका अक्षराचा, म्हणजे खाली दोन टिंबे असलेल्या एका दातऱ्याचा फरक आहे. टंकलेखन करताना तो दातरा चुकून पडला किंवा राहून गेला तर शब्दलेखन तपासणारी प्रणाली काहीही दाखवत नाही, कारण दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. अहवालात मात्र पुरवठा झालेला माल संभाव्य पुरवठा होऊन बसतो. त्यामुळे अरबी प्रत तपासताना ‘क़द’ हा शब्द शोधून त्याच्या पुढच्या क्रियापदाचे पहिले अक्षर पाहणे, ही तपासणी वेगळी आणि स्वतंत्रपणे करावी. सबंध मजकूर वाचताना ही चूक डोळ्यांखालून सहज निघून जाते.

दुसरा प्रकार नकाराचा. ‘हॅज नॉट बीन कम्प्लीटेड’ हे भाषांतरित करताना काही जण ‘क़द’ आणि नकार एकत्र आणतात. ‘क़द’ आणि क्रियापद यांच्यामध्ये ‘लम’ हा नकारवाचक शब्द येऊ शकत नाही, त्यामुळे ‘क़द लम यक्तमिल’ ही रचना अशुद्धच आहे. ती खटकते म्हणून दुरुस्त करताना ‘क़द ला यक्तमिल’ असे लिहिले तर आणखी पंचाईत होते, कारण त्याचा रूढ अर्थ ‘कदाचित पूर्ण होणार नाही’ असा आहे. वर्तमानपत्रांत सर्रास दिसणारी ही रचनाही काटेकोर वैयाकरणांना मान्य नाही, परंतु आपल्या दृष्टीने तो प्रश्न गौण आहे. अपूर्ण कामाचे वर्तमान निवेदन विलंबाच्या भाकितात बदलले, हा खरा बिघाड आहे.

तिसरा प्रकार ‘लक़द’चा. ‘क़द’च्या आधीचा ‘ल’ हा शपथपूर्वक ठासून सांगण्याचा आहे. भाषणात किंवा पत्राच्या भावपूर्ण आरंभी तो शोभतो. प्रगती अहवालातील प्रत्येक वाक्य ‘लक़द’ने सुरू झाले तर अरबी वाचकाला ते असे वाटते की कोणी तरी संशय घेतला आहे आणि लेखक शपथेवर खुलासा करत आहे. अर्थ चुकत नाही, सूर चुकतो. अहवालातून ‘लक़द’ सरसकट काढून टाकावा. तो राहिलाच पाहिजे अशी जागा मला अहवालात अद्याप दिसलेली नाही.

मग ‘क़द’ ठेवायचा कुठे? परिच्छेदात एखादी गोष्ट अपेक्षित होती आणि ती घडून चुकली आहे हे सांगायचे असेल तिथे तो ठेवावा. मागील अहवालात प्रलंबित म्हणून नोंदलेली मंजुरी या महिन्यात मिळाली असेल तर ‘व-क़द सदरत अल्-मुवाफ़क़ा’ हे नेमके बसते. इतरत्र साधा माज़ी पुरेसा आहे. मंजुरी मिळणे, परवान्याची मुदत संपणे, माल पोहोचणे अशा क्रियांचा परिणाम स्वभावतःच टिकणारा असतो, त्यामुळे ‘इन्तहत सलाहियत अत्-तसरीह’ असे वाचल्यावर परवाना आज निरुपयोगी आहे हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

याच ठिकाणी ‘कान क़द’ या जोडीबद्दल सावध करणे आवश्यक आहे. ‘कान अल्-मुक़ाविल क़द अन्जज़ अल्-हफ़्र’ याचा अर्थ ‘कंत्राटदाराने खोदकाम पूर्ण केले होते’ असा होतो. इंग्रजीत दोन शब्दांचे क्रियापद आहे म्हणून अरबीतही दोन शब्द हवेत, या समजुतीतून ही जोडी अहवालात शिरते आणि आजची स्थिती मागच्या कुठल्या तरी घटनेच्या आधी ढकलली जाते.

दुसरा बिघाड : ‘मुन्ज़ु’

शेऱ्यांपैकी सर्वाधिक शेरे ज्या एका शब्दाभोवती येतात तो म्हणजे ‘मुन्ज़ु’. मराठीत ‘पासून’ आणि ‘पूर्वी’ हे दोन वेगळे शब्द आहेत. रस्ता तीन आठवड्यांपासून बंद आहे आणि रस्ता तीन आठवड्यांपूर्वी बंद केला, यांत कोणाचीही गल्लत होत नाही. अरबीत ‘मुन्ज़ु’ ही दोन्ही कामे करतो आणि त्यापैकी कोणते काम तो करत आहे हे शेजारचे क्रियापद ठरवते.

एका क्षणात घडून जाणाऱ्या क्रियेच्या माज़ीसोबत आणि पुढे कालावधी असताना ‘मुन्ज़ु’ म्हणजे ‘पूर्वी’. ‘वसलत अल्-मुअद्दात मुन्ज़ु सलासत असाबीअ’ म्हणजे यंत्रसामग्री तीन आठवड्यांपूर्वी पोहोचली. मुज़ारिअसोबत तोच शब्द ‘पासून’ होतो. ‘यअमल अल्-फ़रीक़ फ़ी अल्-मौक़िअ मुन्ज़ु सलासत असाबीअ’ म्हणजे पथक तीन आठवड्यांपासून कार्यस्थळी काम करत आहे. इंग्रजीत या दुसऱ्या वाक्याला ‘हॅज बीन वर्किंग’ लागते आणि त्यातील ‘हॅज’ पाहून अनुवादक माज़ीकडे वळतो. तिथेच घात होतो. चालू असलेल्या कामासाठी अरबीत मुज़ारिअच हवा. मराठीतही आपण ‘काम करत आहे’ असेच म्हणतो, ‘काम केले आहे’ असे म्हणत नाही. म्हणून इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत आणून मग अरबीत नेले तर ही चूक सहसा होत नाही. इंग्रजीतून थेट अरबीत जाणाऱ्यालाच ती छळते.

अनेकांना ‘मुन्ज़ु’ची भीती बसते आणि ते त्याऐवजी ‘लिमुद्दत’ वापरू लागतात, कारण इंग्रजीतील ‘फॉर थ्री वीक्स’शी तो शब्द अधिक जुळतो. माज़ीसोबत ‘लिमुद्दत’ आला की कालावधीच्या दोन्ही टोकांना कुंपण पडते. ‘अमिल अल्-फ़रीक़ लिमुद्दत सलासत असाबीअ’ म्हणजे पथकाने तीन आठवडे काम केले आणि ते काम आता संपले. सुरू असलेल्या कामाच्या अहवालात असे वाक्य गेले तर मनुष्यबळाचा तक्ता आणि मजकूर यांचा मेळ बसत नाही आणि सल्लागार नेमका तिथेच बोट ठेवतो.

स्थितीसाठी याहून चांगली एक वाट आहे. अरबीत वर्तमानकाळी ‘आहे’ हे क्रियापद लिहावे लागत नाही, नाम आणि विशेषण शेजारी ठेवले की वाक्य होते. त्यामुळे ‘द रोड हॅज बीन क्लोज्ड सिन्स 5 मार्च’ यासाठी ‘अत्-तरीक़ मुग़लक़ मुन्ज़ु 5 मारिस’ हे वाक्य सर्वांत खात्रीचे आहे. ‘मुग़लक़’ म्हणजे बंद केलेला, आणि तो आजही बंद आहे याबद्दल शंका उरत नाही. याउलट ‘उग़लिक़ अत्-तरीक़ फ़ी 5 मारिस’ म्हणजे रस्ता 5 मार्च रोजी बंद करण्यात आला. पुढे तो उघडला की नाही याबद्दल हे वाक्य मौन पाळते. वाहतूक वळवण्याच्या परवान्याचे शुल्क दिवसावर मोजले जात असेल तर हे मौन परवडणारे नसते. काम थांबल्याबद्दलही हेच. ‘तवक़्क़फ़ अल्-अमल मुन्ज़ु उस्बूऐन’ यातून काम अजून थांबलेले असावे असा अंदाज बांधता येतो, परंतु ‘अल्-अमल मुतवक़्क़िफ़ मुन्ज़ु उस्बूऐन’ यात अंदाजाला जागा नाही.

एक अपवाद लक्षात ठेवावा. ज्या क्रिया मोजता येतात आणि ज्यांची बेरीज सांगायची आहे, तिथे ‘मुन्ज़ु’ आणि माज़ी एकत्र निर्वेध चालतात. ‘रफ़अ अल्-मुक़ाविल मुन्ज़ु बिदायत अल्-मशरूअ अर्बअत तक़ारीर’ म्हणजे प्रकल्पाच्या आरंभापासून कंत्राटदाराने 4 अहवाल सादर केले आहेत. इथे कालखंड चालू आहे, पण त्यातील प्रत्येक सादरीकरण पूर्ण झालेले आहे. म्हणून माज़ी योग्य.

‘अजून नाही’ आणि ‘तम्म’

नकाराची बाजू सोपी आहे. ‘हॅज नॉट अराइव्हड येट’ यासाठी ‘लम’, त्यापुढे मुज़ारिअचे मज्ज़ूम, म्हणजे ‘लम’नंतर येणारे अंत्य स्वर गळालेले रूप, आणि वाक्याच्या शेवटी ‘बअ्द’, म्हणजे अजून. ‘लम तसिल अल्-मुअद्दात बअ्द’ म्हणजे यंत्रसामग्री अजून आलेली नाही. शेवटचा ‘बअ्द’ गाळला तर वाक्य ‘यंत्रसामग्री आली नाही’ एवढेच सांगते, ती येणार आहे ही अपेक्षा त्यात उरत नाही. जुन्या अरबीत एकटा ‘लम्मा’ हे काम करतो, परंतु अहवालात तो ग्रांथिक वाटतो आणि ‘जेव्हा’ या अर्थाच्या ‘लम्मा’शी त्याची गल्लत होते.

‘तम्म’बद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यावर अरबी भाषेच्या शिक्षकांचा राग आहे आणि अहवाल लिहिणाऱ्यांचे त्यावाचून चालत नाही. ‘तम्म’ म्हणजे ‘पूर्ण झाले’ आणि त्यापुढे क्रियावाचक नाम ठेवून ‘तम्म इन्जाज़ अल्-हफ़्र’, म्हणजे खोदकामाची पूर्तता झाली, अशी वाक्ये केली जातात. शिक्षकांचे म्हणणे असे की अरबीत धड कर्मणी रूप असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तत्त्वतः ते बरोबर आहे. व्यवहारात अडचण लिपीची आहे. अरबी मजकूर ऱ्हस्व स्वरांच्या खुणांशिवाय छापला जातो, त्यामुळे ‘अन्जज़’, म्हणजे त्याने पूर्ण केले, आणि ‘उन्जिज़’, म्हणजे पूर्ण केले गेले, ही दोन्ही रूपे कागदावर एकसारखी दिसतात. कर्ता सांगायचा नसेल तेव्हा वाचक कर्ता शोधत बसतो. ‘तम्म’ वापरला की हा घोळ मिटतो. माझ्या मते प्रत्येक वाक्यात तो नको, परंतु जिथे कर्ता अनुल्लेखित आहे आणि काम खरोखर संपले आहे तिथे निःसंकोच वापरावा.

दोन पथ्ये पाळावी लागतात. ‘तम्म’चे लिंग पुढच्या क्रियावाचक नामाप्रमाणे बदलते, ज्या वस्तूबद्दल वाक्य आहे तिच्याप्रमाणे नाही. म्हणून पंप हा शब्द स्त्रीलिंगी असूनही ‘तम्म तौरीद अल्-मिज़ख़्ख़ात’, आणि आराखडे कितीही असले तरी ‘तम्मत अल्-मुवाफ़क़ा अला अल्-मुख़त्ततात’, कारण ‘मुवाफ़क़ा’ स्त्रीलिंगी आहे. दुसरे पथ्य अर्थाचे. चालू कामासाठी ‘तम्म’ कदापि वापरू नये. काम निम्मे झाले असेल तर ‘तम्म’ त्याला पुरे झाल्याचा शिक्का मारतो. तिथे ‘यजरी’, म्हणजे चालू आहे, हा शब्द हवा.

एक परिच्छेद दुरुस्त करून पाहू

समजा, सांडपाणी उपसा केंद्राच्या बांधकामाचा मार्च महिन्याचा अहवाल आहे. कालखंड 1 ते 31 मार्च, सादर करण्याची तारीख 7 एप्रिल. इंग्रजी परिच्छेदाचा आशय मराठीत असा : कंत्राटदाराने खोदकाम पूर्ण केले आहे. पायाचे काँक्रीट ओतण्याचे काम 10 मार्चपासून सुरू आहे. पंप कार्यस्थळी पोहोचले आहेत, परंतु त्यांची चाचणी अजून झालेली नाही. पोहोच रस्ता तीन आठवड्यांपासून बंद आहे. कंत्राटदाराने सुधारित वेळापत्रक आतापर्यंत दोनदा सादर केले आहे. इंग्रजीत यातील प्रत्येक वाक्यात ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ आहे.

पहिल्या अरबी मसुद्यात हे सारे एकाच साच्यातून निघते. ‘लक़द अन्जज़ अल्-मुक़ाविल अल्-हफ़्र. लक़द सब्ब ख़रसानत अल्-असासात मुन्ज़ु 10 मारिस. लक़द वसलत अल्-मिज़ख़्ख़ात व-लाकिन लम तुख़्तबर. लक़द उग़लिक़ अत्-तरीक़ लिमुद्दत सलासत असाबीअ. लक़द क़द्दम अल्-बरनामज अल्-मुअद्दल मर्रतैन.’ एकही शब्द कोशाबाहेरचा नाही. तरीही अरबी अभियंता हे वाचेल तेव्हा त्याला कळेल ते असे : शपथेवर सांगतो, खोदकाम पूर्ण झाले. शपथेवर सांगतो, काँक्रीट 10 मार्चपासून ओतले, पण मग ते ओतून झाले की काय हे समजत नाही. पंप आले आणि त्यांची चाचणी झाली नाही, होणार आहे की नाही ते ठाऊक नाही. रस्ता तीन आठवडे बंद होता, म्हणजे आता खुला असावा. वेळापत्रक दोनदा दिले, पण या महिन्यात दोनदा की एकूण दोनदा?

दुरुस्ती करताना वाक्ये एकेक करून सुटी घ्यावी लागतात. खोदकाम संपले आहे आणि ते पुन्हा ‘असंपलेले’ होणार नाही, म्हणून साधा माज़ी : ‘अन्जज़ अल्-मुक़ाविल अअमाल अल्-हफ़्र’. काँक्रीटचे काम चालू आहे, म्हणून मुज़ारिअ : ‘यजरी सब्ब ख़रसानत अल्-असासात मुन्ज़ु 10 मारिस’. पंपांच्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक झालेली आणि एक व्हायची : ‘तम्म तौरीद अल्-मिज़ख़्ख़ात इला अल्-मौक़िअ, व-लम तुख़्तबर बअ्द’. रस्त्याची स्थिती सांगायची आहे, म्हणून क्रियापदच नको : ‘अत्-तरीक़ मुग़लक़ मुन्ज़ु सलासत असाबीअ’. वेळापत्रकासाठी माज़ी, पण मोजणीची सीमा सांगून : ‘क़द्दम अल्-मुक़ाविल अल्-बरनामज अल्-मुअद्दल मर्रतैन हत्ता 31 मारिस’. पाच वाक्यांत ‘क़द’ एकदाही आला नाही आणि एकाही वाक्याचा अर्थ डळमळत नाही.

शेवटच्या वाक्यातील तारखेकडे लक्ष द्यावे. इंग्रजीतील ‘टू डेट’साठी कार्यालयीन अरबीत ‘हत्ता तारीख़िह’ हा शब्दप्रयोग सर्रास वापरला जातो. त्याचा शब्दशः अर्थ ‘त्याच्या तारखेपर्यंत’, आणि ‘त्याच्या’ म्हणजे हाती असलेल्या कागदाच्या. अहवालाचा कालखंड 31 मार्चला संपतो आणि कागदावर तारीख 7 एप्रिल असते, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पार पडलेले काम मोजले आहे की नाही असा वाद उभा राहतो. ‘हत्ता अल्-आन’, म्हणजे आतापर्यंत, त्याहून सैल, कारण अहवाल महिन्यानंतर वाचणाऱ्याचा ‘आता’ वेगळा असतो. प्रत्यक्ष तारीख लिहिली की दोन्ही वाद टळतात. महिन्यातल्या महिन्यात काय घडले हे सांगायचे असेल तर ‘ख़िलाल फ़तरत अत्-तक़रीर’, म्हणजे अहवालाच्या कालखंडात, हे शब्द जोडावेत. इंग्रजी ‘कम्प्लीटेड’ आणि ‘हॅज कम्प्लीटेड’ यांतील जो फरक अरबी क्रियापद पेलत नाही, तो बहुतेक वेळा या दोन कालवाचक पदांनी पूर्णपणे भरून निघतो.

तपासणी

दुरुस्त केलेली प्रत इंग्रजीशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही, कारण इंग्रजी समोर असले की डोळा अरबीत तेच वाचतो. इंग्रजी बाजूला ठेवून अरबी वाक्य मराठीत उलटे आणावे. मराठीत येताना ‘केले’, ‘केले आहे’, ‘करत आहे’, ‘केले होते’ किंवा ‘करू शकेल’ यांपैकी एक रूप निवडावेच लागते आणि त्या निवडीत अडखळायला झाले तर अरबी वाक्य संदिग्ध आहे असे समजावे. ‘मुन्ज़ु’ आला की ‘पासून’ लिहायचे की ‘पूर्वी’, हा निर्णय क्षणात व्हायला हवा. तो झाला नाही तर क्रियापद बदलावे. शक्य असेल तर ही तपासणी इंग्रजी प्रत न पाहिलेल्या अरबी सहकाऱ्याकडून करून घ्यावी आणि त्याला ‘बरोबर आहे का?’ असे न विचारता, प्रत्येक वाक्यापुढे ‘संपले’, ‘चालू’ किंवा ‘सुरू नाही’ यांपैकी एक शब्द लिहायला सांगावे. ‘बरोबर आहे’ असे उत्तर सौजन्यापोटीही मिळते.

अरबी सहकाऱ्याने स्वतः लिहून दिलेला मजकूरही तपासावा लागतो, हे सांगितले पाहिजे. बोलीत पूर्ण वर्तमानकाळाची सोय लिखित भाषेपेक्षा चांगली आहे. कार्यस्थळावर मुकादम ‘अना म्ख़ल्लिस अश्-शुग़्ल’ म्हणतो, म्हणजे मी काम संपवले आहे, आणि तिथे कर्तृवाचक विशेषण हे काम चोख बजावते. घाईत लिहिलेल्या मसुद्यात ही बोली घडण कधी कधी उतरते आणि अहवालात ती चालत नाही. तिथे ‘अन्जज़’ किंवा ‘तम्म’ घालावा.

टक्केवारीची वाक्ये या सर्व खटाटोपातून मोकळी आहेत. ‘बलग़त निस्बत अल्-इन्जाज़ 62 टक्के’, म्हणजे प्रगतीचे प्रमाण 62 टक्क्यांवर पोहोचले आहे, हे ठरलेले वाक्य आहे आणि त्यात माज़ीच येतो. तक्त्यातील स्थितीचा रकानाही वाक्यांनी भरू नये. संपलेल्या कामापुढे ‘मुक्तमिल’, चालू कामापुढे ‘क़ैद अत्-तन्फ़ीज़’ आणि न सुरू झालेल्यापुढे ‘लम यब्दअ बअ्द’ असे लिहावे. मजकुरातील वाक्य आणि रकान्यातील शब्द यांत विसंगती दिसली तर आधी वाक्यातील क्रियापद पाहावे, कारण रकाना सहसा नियोजन प्रणालीतून आलेला असतो.

पुढील महिन्याच्या उद्दिष्टांचा परिच्छेद आला की मात्र ‘क़द’ परत येतो. ‘बाय 30 एप्रिल द कॉन्ट्रॅक्टर विल हॅव कम्प्लीटेड’ यासाठी ‘बि-हुलूल 30 अब्रील सयकून अल्-मुक़ाविल क़द अन्जज़ सब्ब अल्-असासात’ हीच रचना हवी. इथे ‘क़द’ आवश्यक आहे आणि त्यापुढचे क्रियापद माज़ीतच राहिले पाहिजे. ‘सयकून’मधील भविष्याच्या ओघात तिथे मुज़ारिअ लिहिला गेला तर ‘तोपर्यंत पूर्ण झालेले असेल’ हा अर्थ नाहीसा होतो आणि दिलेल्या मुदतीच्या वाक्यात ‘कदाचित’ शिरतो.